पाउंडांचा तक्ता, किलोचा बार

९५, १३५, १८५, २२५. अमेरिकेत छापलेला ताकद वाढवण्याचा कुठलाही कार्यक्रम उघडला की हे आकडे पुन्हा पुन्हा भेटतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, यामागे काही शरीरशास्त्र असावं. प्रत्यक्षात यामागे फक्त तिथल्या प्लेटा आहेत. तिथला बार ४५ पाउंडांचा आणि नेहमीची मोठी प्लेटही ४५ पाउंडांची. दोन्ही बाजूंना ती एकेक चढवली की १३५ होतात, दोन-दोन चढवल्या की २२५. ४५ऐवजी २५ची जोडी लावली तर ९५, आणि ४५ व २५ दोन्ही लावल्या तर १८५. म्हणजे त्या व्यायामशाळेत जे चढवायला सोपं, तेच कागदावर उतरलं.

हे कागद शहपुऱ्यातही येतात. जबलपूरहून भोपाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव मटारासाठी ओळखलं जातं. हंगामात इथली मंडी हिरव्या शेंगांच्या पोत्यांनी भरून जाते. गावातल्या एका छोट्या जिममध्ये काम करणारा प्रशिक्षक जबलपुरातल्या जुन्या मराठी घरातला. घरात मराठी, जिममध्ये हिंदी. त्याच्याकडे येणारी बहुतेक मुलं पोलीस किंवा सैन्यभरतीच्या तयारीतली आणि शेतकऱ्यांच्या घरची. हल्ली त्यातली बरीच मुलं मोबाइलवर उतरवलेला नाहीतर छापून आणलेला परदेशी तक्ता घेऊन येतात आणि विचारतात, "भैया, हे आपल्या प्लेटांवर कसं करायचं?" या प्रश्नाचं सरळ उत्तर देण्यासाठी त्याला आधी जिममधलं सगळं लोखंड नव्यानं ओळखावं लागलं.

मुलं स्वतःहून काढतात तो उपाय म्हणजे प्लेटेला प्लेट. ४५ची असेल तिथे २०ची, २५ची असेल तिथे १०ची, १०ची असेल तिथे ५ची. दिसायला हे चोख वाटतं, कारण आपल्याकडची २० किलोची रबरी ऑलिंपिक प्लेट आणि त्यांची ४५ पाउंडांची बहुधा सारख्याच व्यासाची, ४५० मिलिमीटरची असते. पण एक पाउंड म्हणजे ०.४५३५९२३७ किलो. हा आकडा १९५९मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि इतर इंग्रजीभाषक देशांनी मिळून कायमचा ठरवला. त्या हिशेबानं ४५ पाउंड म्हणजे २०.४१ किलो, त्यामुळे २०ची प्लेट दोन टक्के हलकी पडते. २५ पाउंड म्हणजे ११.३४ किलो, तिथे १०ची प्लेट जवळपास बारा टक्के हलकी. १० पाउंड म्हणजे ४.५४ किलो, तिथे ५ची प्लेट दहा टक्के जड.

खरी अडचण इथेच आहे. प्रत्येक ठिकाणी चूक सारखीच असती तर सगळा कार्यक्रम थोडा हलका झाला असता आणि फारसं बिघडलं नसतं. पण चूक कधी खाली जाते, कधी वर. अमेरिकन तक्त्यात १३५वरून १८५वर जायचं म्हणजे ५० पाउंड, २२.७ किलो वाढवायचे. प्लेटेला प्लेट लावणारा ६०वरून ८०वर जातो, म्हणजे २० किलोच वाढवतो. शेवटी दोन्ही बाजूंना १० पाउंडांची प्लेट आली की तो ५ किलोची लावतो आणि तिथे ठरवल्यापेक्षा मोठी उडी घेतो. तक्ता बनवणाऱ्यानं जी चढण आखली होती, तिच्या पायऱ्याच लहानमोठ्या होतात.

म्हणून प्रशिक्षकाचा पहिला नियम असा, की प्लेटेचं रूपांतर करायचं नाही, बारसकट एकूण वजनाचं करायचं. १८५ पाउंड म्हणजे ८३.९ किलो, आणि मग आपल्या प्लेटांतून त्याच्या जवळात जवळ काय बसतं ते पाहायचं. तोंडी हिशेबासाठी तो मुलांना सांगतो, आकडा निम्मा करा आणि त्या निम्म्यातून दहावा भाग काढा. १८५चे निम्मे साडेब्याण्णव, त्यातून सव्वानऊ गेले की ८३.२५. खऱ्या आकड्यापेक्षा हे शेकडा एकच्याही आत कमी येतं, आणि कमी येणं हे जास्त येण्यापेक्षा बरं. उलटं जायचं तर दुप्पट करून दशांश मिळवायचा. ६० किलोचे १२० आणि १२, म्हणजे १३२ पाउंड.

एकूण वजन मोजायचं म्हटलं की बारचं वजन माहीत हवं, आणि छोट्या गावातल्या जिमचा सगळ्यात मोठा घोटाळा तिथेच असतो. पुरुषांचा ऑलिंपिक बार २० किलोचा आणि स्त्रियांचा १५ किलोचा असतो; त्याच्या टोकांच्या फिरत्या नळ्या ५० मिलिमीटर जाडीच्या असतात. पण बहुतेक जिममध्ये असा एखादाच बार असतो आणि बाकीचे साधे सरळ रॉड. मुलं दोन्हीला 'खाली रॉड' म्हणतात आणि दोन्हीचं वजन २० किलो धरतात.

साध्या रॉडचं वजन काढायला काटासुद्धा लागत नाही. घर बांधणारा ठेकेदार सळीचं वजन ज्या सूत्रानं काढतो, तेच इथे चालतं. जाडी मिलिमीटरमध्ये घ्यायची, तिचा वर्ग करायचा आणि १६२ने भागायचं. येतं ते एका मीटरचं वजन किलोत. २८ मिलिमीटर जाडीच्या रॉडचा वर्ग ७८४, भागिले १६२ म्हणजे मीटरला ४.८४ किलो. सहा फुटी रॉड १.८३ मीटरचा, म्हणून वजन पावणेनऊ किलोच्या जरा वर. चावी-कॉलर धरूनही तो ऑलिंपिक बारच्या निम्म्याच्या आसपास राहतो.

याचा परिणाम वहीत स्पष्ट दिसतो. कोणी मुलगा महिनाभर या रॉडवर बेंच प्रेस करतो आणि वहीत '६०' लिहितो. एक दिवस ऑलिंपिक बार मोकळा मिळतो, तो त्यावर तितक्याच प्लेटा चढवतो आणि पहिल्याच सेटला अडकतो. त्याला वाटतं ताकद गेली, झोप कमी झाली, खाणं बिघडलं. प्रत्यक्षात बारवर ११ किलो जास्त आहेत. उलटा प्रकारही होतो, एखाद्याचं वजन एका दिवसात 'वाढतं'. वहीत वजन अचानक दहा-बारा किलोनं वर किंवा खाली गेलेलं दिसलं की प्रशिक्षक आधी एकच विचारतो, कुठला रॉड होता? आता प्रत्येक रॉडच्या टोकाला पांढऱ्या रंगानं त्याचं वजन लिहिलेलं आहे.

प्लेटांसाठी मात्र काटा लागला, आणि तो या गावात शोधावा लागत नाही. मटाराच्या एका आडत्याकडचा प्लॅटफॉर्मवाला इलेक्ट्रॉनिक काटा दुपारी रिकामा होता, तिथे जिममधल्या प्लेटा एकामागून एक चढल्या. स्पर्धेच्या पॉवरलिफ्टिंग प्लेटा छापील वजनापासून पाव टक्क्यापलीकडे हटता कामा नयेत असा नियम आहे. जिममधल्या साध्या बिडाच्या प्लेटांना असं बंधन नसतं. साच्यातून ओतलेल्या प्लेटेवर पुढे फारसं काम होत नाही, त्यामुळे शेकडा दोन-तीनचा फरक सहज निघतो. २० लिहिलेल्या काही प्लेटा साडेएकोणीसच्या जवळ निघाल्या, एक-दोन २०च्या वर. कोपऱ्यात पडलेल्या एका जोडीवर फक्त '४५' होतं, पुढे काहीच नाही. ती पाउंडांची निघाली. ती जोडी वेगळी ठेवली गेली, कारण एका बाजूला तिच्यातली एक आणि दुसऱ्या बाजूला २० किलोची असं झालं तर घेर सारखा असल्यानं डोळ्याला काही कळत नाही. बाकीच्या प्लेटा वजन जुळवून जोड्यांनी लावल्या आणि प्रत्येकीवर खरं वजन खडूनं नव्हे, रंगानं लिहिलं.

इतकं झाल्यावर तक्ता हातात घेता आला. तो होता अमेरिकेतले जिम वेंडलर यांचा, २००९मध्ये पुस्तकरूपानं आलेला '५/३/१'. चार उचली, स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट आणि उभ्यानं डोक्यावर करायचा प्रेस. प्रत्येक उचलीत आपण जास्तीत जास्त एकदा किती उचलू शकतो त्याचे नव्वद टक्के घ्यायचे. हे झालं 'ट्रेनिंग मॅक्स'. पहिल्या आठवड्यात त्याच्या ६५, ७५ आणि ८५ टक्क्यांचे तीन सेट, दुसऱ्यात ७०, ८०, ९०, तिसऱ्यात ७५, ८५, ९५. चौथा आठवडा हलका. मग ट्रेनिंग मॅक्समध्ये प्रेस आणि बेंचला ५ पाउंड, स्क्वॉट आणि डेडलिफ्टला १० पाउंड वाढवून पुन्हा पहिल्यापासून.

प्रशिक्षकाचे एक काका जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झालेले. १९०४ साली उभ्या राहिलेल्या या कारखान्यात त्यांच्या पिढीनं जुनी इंचातली ड्रॉइंग आणि नवी मिलिमीटरमधली मापं दोन्ही हाताळली. तक्ता पाहून त्यांनी पेन्सिल मागितली.

"अरे, यात पाउंड कुठे कुठे आहेत त्यावर आधी खुणा कर," ते म्हणाले.

"सगळीकडेच असतील ना, काका?"

"नाहीत. टक्का हा टक्काच असतो, त्याला पाउंड-किलो काही नसतं. बघ, खूण फक्त वाढीवर पडते."

आणि तसंच होतं. अख्ख्या पुस्तकाच्या हिशेबात पाउंड दोनच जागी होते, ५ आणि १०. बाकी सगळं प्रमाण. वजन आणि रेप्सवरून कमाल ताकदीचा अंदाज काढायचं पुस्तकातलं सूत्रही तसंच आहे: वजन गुणिले रेप्स गुणिले ०.०३३३, त्यात पुन्हा वजन मिळवायचं. किलो घातले तर किलो मिळतात, पाउंड घातले तर पाउंड. मुलांनी मात्र नमुना म्हणून छापलेला पाउंडांचा पूर्ण तक्ता ओळीनं किलोत उतरवून आणला होता, आणि प्रत्येक ओळ वेगळी पूर्णांकात आणली होती. काकांनी दुसरी गोष्ट सांगितली ती अशी, की हिशेब दशांशात चालू ठेवायचा आणि पूर्णांकाच्या जवळ शेवटी एकदाच यायचं, बारवर वजन चढवताना. मधल्या प्रत्येक पायरीवर आकडा गोल केला तर तो गोल केलेला आकडाच पुढच्या पायरीचा पाया होतो आणि फरक साचत जातो.

एका मुलाच्या प्रेसचा हिशेब घेऊ. तो ३५ किलो चार वेळा डोक्यावर नेत होता. सूत्रानं त्याची कमाल आली ३९.७; हा मुळात अंदाजच, म्हणून ४० किलो धरली. ट्रेनिंग मॅक्स ३६. पहिल्या आठवड्याचे तीन सेट आले २३.४, २७ आणि ३०.६ किलोचे. दुसऱ्या आठवड्याचे २५.२, २८.८ आणि ३२.४.

जिममधली सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची होती. दोन्ही बाजूंना एकेक लावली की ५ किलो वाढतात, म्हणून २० किलोच्या बारवर फक्त २०, २५, ३०, ३५ एवढीच वजनं जमत होती. पहिल्या आठवड्याचे सेट झाले २५, २५, ३०. दुसऱ्याचे झाले २५, ३०, ३०. म्हणजे पहिल्या आठवड्यात पहिला आणि दुसरा सेट एकच झाला, दुसऱ्यात दुसरा आणि तिसरा एकच झाला, आणि दोन्ही आठवड्यांतला सगळ्यात जड सेट तोच राहिला. कागदावर टक्के चढत होते, बारवर काहीच चढत नव्हतं. रूपांतर दशांशापर्यंत अचूक असूनही कार्यक्रम मोडला होता.

तो मोडला लहान प्लेट नसल्यामुळे. अमेरिकन व्यायामशाळेत सगळ्यात लहान नेहमीची प्लेट अडीच पाउंडांची असते. तिची जोडी म्हणजे ५ पाउंड, २.२७ किलो. आपल्याकडेही लहान प्लेटेवर अडीचच लिहिलेलं असतं, पण किलो. तिची जोडी ११ पाउंडांची भरते. दोन्हीकडे आकडा अडीच आणि उडी दुपटीहून मोठी. ३६ किलोच्या ट्रेनिंग मॅक्सवर २.२७ किलो म्हणजे सहा टक्क्यांच्या थोडं वर, आणि ५ किलो म्हणजे जवळपास चौदा टक्के. डेडलिफ्टला १५० किलो उचलणाऱ्याला ही ५ किलोंची पायरी जाणवत नाही, तिथे तक्त्याची १० पाउंडांची वाढही साडेचार किलोंचीच आहे. अडतो तो प्रेस करणारा, नव्यानं सुरुवात करणारा, आणि जिममध्ये येणाऱ्या मुली, ज्यांचं बेंचचं वजनच ३० किलोंच्या आसपास असतं. प्रेस एकाच आकड्यावर महिनोन् महिने थांबला आणि स्क्वॉट मात्र वाढतो आहे असं वहीत दिसलं, तर खाण्यापिण्याच्या आधी प्लेटांचा रॅक बघायला हवा.

सव्वा किलोच्या प्लेटा बाजारात मिळतात. जबलपुरातून दोन जोड्या आल्या. पण त्याहून लहान, अर्ध्या किलोची जोडी बनवून घ्यायचं ठरलं. दहा मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्यातून चकती कापायची आणि ५० मिलिमीटरच्या नळीवर सरकावी म्हणून मधलं भोक ५१चं ठेवायचं. लोखंडाचा एक घन सेंटिमीटर ७.८५ ग्रॅमचा, त्यामुळे अर्ध्या किलोला ६३.७ घन सेंटिमीटर लागतात. जाडी एक सेंटिमीटर असल्यानं भोक वगळून क्षेत्रफळही तेवढंच हवं. त्यावरून बाहेरचा व्यास निघाला साडेदहा सेंटिमीटरच्या जरा आत, १०३ ते १०४ मिलिमीटर. रिछाई औद्योगिक भागातल्या एका लेथवाल्याला सांगितलं, की व्यास किंचित जास्त ठेव, मग काट्यावर बघत घासत आण. दोन्ही चकत्या मटाराच्या काट्यावर नव्हे, किराणा दुकानातल्या ग्रॅमच्या काट्यावर तपासल्या, कारण शंभर किलोंपलीकडे तोलणाऱ्या काट्यावर अर्ध्या किलोतला बारीक फरक दिसत नाही.

आता प्रत्येक पाच किलोंच्या मध्ये तीन नव्या जागा मिळाल्या, एक किलोवर, अडीचवर आणि साडेतीनवर. त्या मुलाचा पहिला आठवडा झाला साडेतेवीस, साडेसत्तावीस, ३१. दुसरा झाला २५, साडेअठ्ठावीस, साडेबत्तीस. आठवड्याच्या आत सेट चढतात आणि पुढच्या आठवड्यात सगळेच थोडे वर जातात. चार आठवड्यांनी ट्रेनिंग मॅक्स ३६वरून ३८.३ झाला, ३८ नाही आणि साडेअडतीसही नाही; वहीत दशांश तसाच राहिला.

५ पाउंडांऐवजी सरळ अडीच किलो का वाढवू नयेत, असं मुलं विचारतात. महिन्यातून एकदा वाढवायचं असेल तर खुशाल वाढवावेत. वर्षभरात बारा वाढींनंतर २७.२ऐवजी ३० किलो होतील, आणि तोवर अंदाज पुन्हा नव्यानं काढावा लागलेला असेलच. पण नवशिक्यांचे काही कार्यक्रम दर खेपेला, आठवड्यातून तीनदा ५ पाउंड वाढवायला सांगतात. तिथे अडीच किलो म्हणजे दर खेपेला दहा टक्के जास्त, आणि बारा आठवड्यांत हा फरक आठ किलोंच्या वर जातो. तक्त्यात लिहिलेल्या आठवड्याच्या बरंच आधी मुलगा अडतो आणि दोष कार्यक्रमाला देतो. अशा ठिकाणी प्रशिक्षक दोनदा २ किलो आणि एकदा अडीच किलो अशी वाढ लिहून देतो. आठवड्याची बेरीज साडेसहा किलो, मूळ तक्त्याची ६.८. एका किलोची जोडी त्यासाठीच पुढे बनवली गेली.

एका किलोनं काय होतं हे सांगलीकरांना वेगळं सांगावं लागत नाही. २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात सांगलीच्या संकेत सरगरनं स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५, एकूण २४८ किलो उचलले. कोपराच्या दुखापतीमुळे त्याला त्यापुढे जाता आलं नाही. मलेशियाच्या स्पर्धकाची बेरीज २४९ झाली आणि संकेतला रौप्य मिळालं. वेटलिफ्टिंगमध्ये बारवरचं वजन एकेका किलोनं वाढवता येतं. शहपुऱ्यातल्या मुलांना प्रशिक्षक ही गोष्ट सांगतो ती अर्ध्या किलोची चकती हातात देताना, कारण एवढीशी प्लेट चढवायला मोठ्या मुलांना संकोच वाटतो.

केबलच्या मशिनना यातलं काही लागू पडत नाही. वजनांच्या थप्पीवर पाउंड लिहिलेले असोत की किलो, मध्ये किती कप्प्या आहेत आणि दोर कसा फिरवला आहे त्यावर हाताला येणारा भार ठरतो. एक हलती कप्पी असेल तर तो निम्मा होतो. काही थप्प्यांवर तर नुसते १ ते १५ असे क्रमांक असतात. परदेशी तक्त्यात अशा व्यायामासमोर ७० पाउंड लिहिलेले असतील तर ते किलोत करण्यात अर्थ नाही. तिथे प्रशिक्षक वजनाचा रकाना खोडतो आणि फक्त रेप्स ठेवतो. दहा रेप्स नीट होतील आणि आणखी दोनेक करता येतील अशा खाचेत पिन लावायची, आणि वहीत त्या खाचेचा क्रमांक लिहायचा.

तो प्रेस करणारा मुलगा काही फेऱ्यांनंतर अडला, जसा या कार्यक्रमात प्रत्येक जण केव्हा ना केव्हा अडतो. पुस्तकाचा सल्ला असा, की त्या वेळी जे उचलता येतंय त्यावरून कमाल ताकद पुन्हा काढायची, तिचे नव्वद टक्के घ्यायचे आणि नव्यानं सुरुवात करायची. या खेपेला सूत्रात घालायचं वजन त्यानं स्वतः, मोजलेल्या बारवर, मोजलेल्या प्लेटांनी उचललेलं होतं. टक्के काढून झाले, वाढीच्या रकान्यात २.२७च्या जागी त्यानं अडीच लिहिलं आणि छापील तक्ता वहीतून काढून पुढच्या मुलाला दिला.